कॉक्समध्ये ०.७० आणि एएफटीत १.४०: टाइम रेशो कसा वाचावा

प्रश्न: नागपुरात एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी औषध-प्रतिरोधी क्षयरोगाच्या २६० रुग्णांच्या नोंदी घेतल्या, त्यांपैकी ८० मधुमेही. उपचार सुरू झाल्यापासून थुंकीचे कल्चर निगेटिव्ह होईपर्यंतचे दिवस मोजले (कल्चर महिन्यातून एकदा, १८० दिवसांपर्यंत). कॉक्स मॉडेलमध्ये मधुमेहाचा हॅझर्ड रेशो ०.७० आला, पण `cox.zph` ची पी-व्हॅल्यू ०.०१ आहे, म्हणजे हॅझर्ड रेशो काळानुसार स्थिर राहत नाही. गाइड म्हणाले, एएफटी म्हणजे ॲक्सिलरेटेड फेल्युअर टाइम मॉडेल लावा. `survreg` मध्ये लॉग-लॉजिस्टिक घेतल्यावर `Intercept` ३.६९, मधुमेह ०.३३६ (स्टँडर्ड एरर ०.१२), `Scale` ०.५. exp केल्यावर १.४०. एकात ०.७० आणि दुसऱ्यात १.४०, मग निष्कर्ष उलटा झाला का? १.४० म्हणजे "४० टक्के जास्त धोका" असे लिहू का?

उत्तर:

निष्कर्ष उलटा झालेला नाही. दोन्ही आकडे एकच सांगत आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींची गुणोत्तरे आहेत. कॉक्सचे ०.७० सांगते की, ज्यांचे कल्चर अजून पॉझिटिव्ह आहे अशा रुग्णांमध्ये, कोणत्याही एका दिवशी मधुमेही रुग्णाचे कल्चर निगेटिव्ह होण्याचा दर मधुमेह नसलेल्याच्या ०.७० पट असतो. एएफटीचे १.४०, म्हणजे टाइम रेशो, सांगते की, निगेटिव्ह होईपर्यंत मधुमेही रुग्णाला १.४० पट दिवस लागतात. दर कमी, म्हणून वेळ जास्त. "धोका" हा शब्द मात्र इथे वापरू नका. टाइम रेशोमध्ये धोक्याचे मोजमाप नसतेच, तिथे फक्त काळ असतो.

आकडा एकापेक्षा मोठा असणे चांगले की वाईट, हे घटना कोणती आहे यावर अवलंबून असते. घटना मृत्यू असेल तर टाइम रेशो १.४० ही आनंदाची बातमी आहे, कारण रुग्ण जास्त काळ जगतात. तुमची घटना कल्चर निगेटिव्ह होणे ही आहे, म्हणजे हवीहवीशी आहे. तिथे जास्त काळ लागणे म्हणजे रुग्ण जास्त दिवस संसर्गजन्य राहणे. मेडिकल, मेयो किंवा सेवाग्रामहून जे निवासी डॉक्टर विश्लेषण दाखवायला येतात, त्यांना मी तक्त्याखाली पहिली ओळ हीच लिहायला लावते: घटना कोणती, आणि १ पेक्षा मोठा आकडा कोणत्या बाजूचा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर ती पुढे त्रास देईल. १ भागिले १.४० म्हणजे ०.७१, आणि तुमचा हॅझर्ड रेशो ०.७० आहे. यावरून दोन्ही गुणोत्तरे एकमेकांच्या व्यस्त असतात असा समज करून घेऊ नका. तुमच्या बाबतीत तो योगायोग आहे. तसे नेमके होते ते फक्त एक्स्पोनेन्शियल मॉडेलमध्ये. याचे उदाहरण खाली देते.

मॉडेल नेमके काय म्हणते

एएफटी मॉडेल दिवसांच्या लॉगवर बसवलेले असते: `log(T) = 3.69 + 0.336 × मधुमेह + 0.5 × ε`. इथे ε म्हणजे रुग्णागणिक असणारा, आपण न मोजलेला फरक. त्याला कोणते वितरण द्यायचे हे आपण ठरवतो, आणि तुम्ही लॉजिस्टिक दिले, म्हणून T लॉग-लॉजिस्टिक झाला. लॉगवरची बेरीज मूळ मापावर गुणाकार होते, त्यामुळे मधुमेहाचा परिणाम दिवसांना `exp(0.336)` ने, म्हणजे १.४० ने गुणणे असा उतरतो.

लॉग-लॉजिस्टिकमध्ये `exp(Intercept)` हा संदर्भगटाचा मध्यक असतो. तुमच्याकडे `exp(3.69)` म्हणजे ४० दिवस. मधुमेहींचा मध्यक ४० × १.४० म्हणजे ५६ दिवस. मॉडेलमध्ये फक्त मधुमेह आहे म्हणून हे इतके सरळ आहे. पुढे वय घालाल तेव्हा ते आधी केंद्रित करून घ्या, म्हणजे प्रत्येकाच्या वयातून उदाहरणार्थ ४० वजा करा. नाहीतर `Intercept` शून्य वयाच्या रुग्णाचा मध्यक सांगेल, आणि तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

पण १.४० फक्त मध्यकाला लागू नाही, आणि या मॉडेलचा खरा दावा हाच आहे. नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. दोन्ही कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड याच क्रमाने जातात, पण दुसरीला प्रत्येक ठिकाणी पोचायला पहिलीच्या १.४ पट वेळ लागतो. एक चतुर्थांश रुग्ण निगेटिव्ह होणे, निम्मे होणे, तीन चतुर्थांश होणे ही ती स्थानके. गुणोत्तर प्रत्येक स्थानकावर तेच राहते, मात्र मिनिटांतला उशीर वाढत जातो. तुमच्या आकड्यांनी हे असे दिसते: एक चतुर्थांश रुग्ण निगेटिव्ह व्हायला मधुमेह नसलेल्यांना २३ दिवस आणि मधुमेहींना ३२, निम्मे व्हायला ४० आणि ५६, तीन चतुर्थांश व्हायला ६९ आणि ९७. अंतर ९ दिवस, मग १६, मग २८, पण भागाकार तिन्ही वेळा १.४.

म्हणून "मधुमेहामुळे निगेटिव्ह होण्यास १६ दिवस उशीर होतो" असे सरसकट वाक्य चुकीचे ठरेल. १६ दिवस हे मध्यकावरचे अंतर आहे. ज्याचा आजार मुळातच जड आहे आणि ज्याला एरवीही ७० दिवस लागले असते, त्याच्या बाबतीत उशीर महिन्याच्या आसपास जातो. वॉर्डात रुग्णाला सांगताना किंवा विलगीकरणाचे नियोजन करताना हा फरक फार मोलाचा असतो. हॅझर्ड रेशोतून तो थेट काढता येत नाही, म्हणूनच मला अशा प्रश्नांत टाइम रेशो आवडतो. हे दिवस हाताने काढायची गरज नाही:

```r
fit <- survreg(Surv(days, conv) ~ dm, data = d,
               dist = "loglogistic")
exp(cbind(TR = coef(fit), confint(fit)))
predict(fit, data.frame(dm = 0:1),
        type = "quantile", p = c(.25, .5, .75))
```

`cox.zph` ने तक्रार का केली

लॉग-लॉजिस्टिकमध्ये हे कागदावर पडताळता येते, आणि एकदा तरी स्वतः करून पाहावे असे हे गणित आहे. `Scale` ०.५ असल्याने घातांक १ भागिले ०.५ म्हणजे २ येतो, त्यामुळे t दिवसांपर्यंत निगेटिव्ह झालेल्यांचे प्रमाण F असे निघते: t ला मध्यकाने भागा, वर्ग करा, आणि त्या वर्गाला (१ + तोच वर्ग) ने भागा. २८व्या दिवशी मधुमेह नसलेल्यांसाठी २८/४० = ०.७, वर्ग ०.४९, म्हणून प्रमाण ०.४९/१.४९, म्हणजे ३३ टक्के. मधुमेहींसाठी २८/५६ = ०.५, वर्ग ०.२५, प्रमाण २० टक्के. त्याच रीतीने ५६व्या दिवशी ६६ आणि ५० टक्के, ११२व्या दिवशी ८९ आणि ८० टक्के.

या वितरणाचा हॅझर्ड F ला अनुसरून बदलतो, सूत्रात `h(t) = (2/t) × F(t)`. दोन गटांचा भागाकार घेतला की २/t कटून जाते, आणि त्या दिवसाचा हॅझर्ड रेशो म्हणजे दोन F चे गुणोत्तर एवढेच उरते. तो २८व्या दिवशी ०.६१, ५६व्या दिवशी ०.७६ आणि ११२व्या दिवशी ०.९० येतो. म्हणजे काळाचे गुणोत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत १.४० वर स्थिर असताना हॅझर्ड रेशो मात्र हळूहळू १ कडे सरकतो. कॉक्सने या सरकणाऱ्या आकड्याची सरासरी काढून तुम्हाला ०.७० दिले, आणि `cox.zph` ने तो सरकतो आहे हे दाखवून दिले. दोघांनीही आपले काम चोख केले.

असे घडण्यामागे वैद्यकीय कारणही असू शकते. सुरुवातीला थुंकीत जंतूंचा भार किती आहे, छातीच्या एक्स-रेवर पोकळ्या आहेत का, यानुसार रुग्णारुग्णांत मोठा फरक असतो. ज्यांचा भार कमी ते लवकर निगेटिव्ह होऊन मोजणीतून बाहेर पडतात. मधुमेह नसलेल्या गटात हे बाहेर पडणे जास्त वेगाने होते, त्यामुळे त्या गटात उरलेले रुग्ण दिवसागणिक अधिक जड आजाराचे होत जातात, आणि दोन गटांचे दर एकमेकांजवळ येतात. प्रत्येक रुग्णावर मधुमेहाचा परिणाम तोच राहिला तरी गटांच्या पातळीवरचा हॅझर्ड रेशो १ कडे ओढला जातो. एएफटीत न मोजलेला भार ε मध्ये जातो: `Scale` वाढते, विश्वास-मर्यादा रुंदावतात, पण मधुमेहाचा गुणांक जागेवरून हलत नाही. याला एक अट आहे, की तो भार मधुमेहाशी निगडित नसावा. मधुमेहींमध्ये पोकळ्याच अधिक असतील, तर तो सरळसरळ कन्फाउंडिंगचा प्रश्न आहे आणि त्यातून कोणतेही मॉडेल आपोआप सोडवत नाही. पोकळ्यांची नोंद तुमच्याकडे असेल तर ती मॉडेलमध्ये घ्याच.

वायबुल: जिथे दोन्ही भाषा एकत्र येतात

एकाच मॉडेलमधून प्रपोर्शनल हॅझर्ड्स आणि एएफटी हे दोन्ही अर्थ काढता येतील असे कुटुंब वायबुलचे आहे. एक्स्पोनेन्शियल हे त्याचेच विशेष रूप. तिथला दुवा असा: `HR = exp(−गुणांक / Scale)`. दोन गोष्टी लक्षात घ्या, चिन्ह उलटते आणि `Scale` ने भागावे लागते.

सरावासाठी आरमध्येच असलेली एक जुनी माहिती वापरा. ती १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ल्युकेमियाच्या चाचणीतली आहे. ४२ रुग्ण, निम्म्यांना ६-मर्कॅप्टोप्युरिन, निम्म्यांना प्लासिबो, आणि आजार परत येईपर्यंतचे आठवडे. प्लासिबो गटात सर्व २१ जणांचा आजार परतला, औषध गटात ९ जणांचा.

```r
library(survival); library(MASS)
survreg(Surv(time, cens) ~ treat, data = gehan)
```

इथे प्लासिबोचा गुणांक −१.२६७ आणि `Scale` ०.७३२ येते. `exp(1.267)` म्हणजे ३.५५, म्हणून औषध घेणाऱ्यांचा आजार परतण्याचा काळ प्लासिबोच्या ३.५५ पट. मॉडेलने काढलेले मध्यक सुमारे २५.७ आणि ७.२ आठवडे आहेत. काप्लान-मायरचे २३ आणि ८, म्हणजे मॉडेल फार दूर गेलेले नाही. आता हॅझर्ड रेशो काढा: १.२६७ भागिले ०.७३२ म्हणजे १.७३, आणि त्याचा `exp` ५.६५, म्हणजे प्लासिबो गटात आजार परतण्याचा दर औषध गटाच्या ५.६५ पट. काळाचे गुणोत्तर ३.५५ आणि हॅझर्डचे ५.६५, दोन्ही एकाच मॉडेलमधून, आणि एकमेकांचे व्यस्त मुळीच नाहीत. याच माहितीवर लॉग-लॉजिस्टिक लावले तरी टाइम रेशो ३.५४ च्या आसपासच राहतो. वितरण बदलले तरी काळाचे गुणोत्तर फारसे डळमळले नाही, ही एएफटीची मला आश्वासक वाटणारी बाजू आहे. पण `Scale` जबरदस्तीने १ धरणारे एक्स्पोनेन्शियल लावले तर तेच गुणोत्तर ४.६ वर जाते, म्हणून आकार मोकळा ठेवणारे वितरणच घ्या.

लॉग-लॉजिस्टिकमध्ये `exp(−गुणांक / Scale)` काढाल तर हॅझर्ड रेशो मिळणार नाही, ऑड्स रेशो मिळेल. तुमच्याकडे `exp(−0.336/0.5)` म्हणजे ०.५१: कोणत्याही दिवशी पाहिले तरी तोवर निगेटिव्ह झालेले असण्याचे ऑड्स मधुमेहींत जवळपास निम्मे. वरच्या २८व्या दिवसाच्या आकड्यांवरून पडताळा, ०.२५ भागिले ०.४९.

तुमचे सहकारी स्टाटा वापरत असतील तर त्यांना सांगा की `streg` वायबुलसाठी आपणहून हॅझर्ड रेशो छापतो. टाइम रेशो हवा असेल तर `tr` हा पर्याय द्यावा लागतो. एकाच माहितीवर दोघांची उत्तरे जुळत नाहीत म्हणून पुष्कळदा जो वाद होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

तुमच्या माहितीतली खरी अडचण: महिन्यातून एकदा कल्चर

मॉडेल कोणते, यापेक्षा मला तुमच्या मोजणीची अधिक चिंता वाटते. तुम्ही "दिवस" म्हणून पहिल्या निगेटिव्ह नमुन्याचा दिवस घेतला असणार, कारण नोंदवहीत तोच असतो. पण रुग्ण निगेटिव्ह झाला तो शेवटच्या पॉझिटिव्ह आणि पहिल्या निगेटिव्ह नमुन्याच्या मधे कधीतरी. म्हणजे प्रत्येक रुग्णाचा काळ सरासरी पंधरवड्याने फुगलेला आहे, आणि दोन्ही गटांत तो साधारण सारखाच फुगला आहे.

कॉक्स मॉडेल फक्त क्रम बघते, त्यामुळे सगळ्यांचे दिवस सारख्याच अंकाने पुढे ढकलले तर त्याला काहीच फरक पडत नाही. टाइम रेशोला मात्र पडतो, कारण तो खऱ्या दिवसांचा भागाकार आहे. ढोबळ हिशेब करा: तुमचे ४० आणि ५६ हे आकडे १५ दिवसांनी फुगलेले असतील, तर खरे मध्यक २५ आणि ४१ आणि गुणोत्तर १.६४. दोन्ही बाजूंना सारखी भर घातली की गुणोत्तर १ कडे सरकते. त्यामुळे तुमचे १.४० बहुधा खऱ्यापेक्षा कमी आहे. किती कमी, हे अंदाजाने ठरवू नका, मध्यंतर-सेन्सॉरिंग वापरून मॉडेल पुन्हा बसवा. `survreg` मध्ये ते सहज होते, आणि नेहमीच्या `coxph` मध्ये होत नाही. तुमच्या बाबतीत एएफटी निवडण्याचे हे कारण मला `cox.zph` पेक्षा वजनदार वाटते.

```r
fit2 <- survreg(Surv(lo, hi, type = "interval2") ~ dm,
                data = d, dist = "loglogistic")
```

`lo` मध्ये शेवटच्या पॉझिटिव्ह नमुन्याचा दिवस आणि `hi` मध्ये पहिल्या निगेटिव्ह नमुन्याचा दिवस भरा. शेवटपर्यंत पॉझिटिव्ह राहिलेल्यांच्या `hi` मध्ये `NA`. ज्यांचा उपचारानंतरचा पहिलाच नमुना निगेटिव्ह आला, त्यांच्या `lo` मध्ये शून्य भरू नका, तिथेही `NA` ठेवा. शून्याचा लॉग निघत नाही, आणि `survreg` "Invalid survival times for this distribution" म्हणून थांबते. हा संदेश दिसला की शून्याच्या जागी ०.५ किंवा १ भरून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, तो टाळा.

नोंदी भरताना तारीख नमुना घेतल्याची धरा, अहवाल आल्याची नाही. द्रव माध्यमातले कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते, आणि अहवालाची तारीख धरली तर तेवढे सगळे दिवस रुग्णाच्या माथी येतात. दूषित म्हणून बाद झालेला नमुना ना पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह; तो वगळा आणि मधले अंतर रुंद होऊ द्या. आपल्याकडे गडचिरोली, गोंदिया, बालाघाट इथून येणारे रुग्ण धानाच्या रोवणीत एखादी फेरी चुकवतात, तेव्हा त्यांचे अंतर ३० ऐवजी ६० दिवसांचे होते. पहिल्या निगेटिव्हचा दिवस धरण्याच्या पद्धतीत हा रुग्ण "उशिरा निगेटिव्ह झालेला" ठरतो. मध्यंतर-सेन्सॉरिंगमध्ये त्याच्याविषयी आपल्याला कमी ठाऊक आहे एवढीच नोंद होते, आणि तीच खरी आहे. मधुमेही रुग्ण साखर तपासायला वारंवार येतात म्हणून त्यांचे नमुने अधिक नियमित असतील, तर या एका गोष्टीनेही निकाल कलू शकतो. दोन्ही गटांतील नमुन्यांमधले सरासरी अंतर एकदा काढून पाहा.

एएफटीचे गृहीतकही तपासावे लागते

प्रपोर्शनल हॅझर्ड्स मोडले म्हणजे एएफटी आपोआप लागू झाले असे नाही. त्याचेही एक गृहीतक आहे: सगळ्या टक्केवाऱ्यांवर काळाचे गुणोत्तर एकच. ते तपासण्याची सोपी रीत म्हणजे कोणतेही वितरण न धरता प्रत्येक गटाचा वक्र काढणे, त्यावरून २५, ५० आणि ७५ टक्के रुग्ण निगेटिव्ह होण्याचे दिवस वाचणे आणि भागाकार करणे. `survfit` ला वरचेच `interval2` दिले तर तो मध्यंतरांचा हिशेब ठेवून वक्र काढतो. साध्या काप्लान-मायरवर हे करू नका, कारण महिन्याच्या नमुन्यांमुळे त्यातल्या पायऱ्या ३०, ६०, ९० दिवसांच्या आसपासच पडतात आणि मध्यकांचा भागाकार उगाच १ किंवा २ दिसतो.

भागाकार १.३, १.४, १.५ असे आले तर निश्चिंत राहा. १.१, १.४, २.३ असे चढत गेले तर एकच टाइम रेशो देणे वाचकाची दिशाभूल ठरेल. दोन वक्र एकमेकांना स्पष्टपणे छेदत असतील तर एएफटीही उपयोगाचे नाही, कारण एकाच वक्राला आडवे ताणून दुसरा बनवला तर ते दोन कधीच छेदत नाहीत.

वितरण निवडताना वायबुल, लॉग-लॉजिस्टिक आणि लॉग-नॉर्मल यांचे एआयसी आपसांत ताडून पाहायला हरकत नाही. पण त्या रांगेत कॉक्सचे एआयसी बसवू नका. ते आंशिक लाइकलिहुडवरून येते आणि या तिघांशी त्याची तुलना अर्थहीन आहे, तरीही ती तुलना प्रबंधांत वरचेवर दिसते. `cox.zph` बाबतही एक शब्द: २६० रुग्णांत ०.०१ दुर्लक्षण्यासारखे नाही, पण हजारो रुग्ण असते तर किरकोळ सरकण्यालाही तेवढीच पी-व्हॅल्यू मिळाली असती. म्हणून `plot(cox.zph(...))` चा आलेख काढून सरकणे किती आहे ते बघा. फक्त चाचणीवर मॉडेल बदलू नका.

जे कधीच निगेटिव्ह होत नाहीत

लॉग-लॉजिस्टिक मॉडेल असे धरते की पुरेसा वेळ दिला तर प्रत्येक जण निगेटिव्ह होईल. तुमच्या आकड्यांवरून १८०व्या दिवशी मधुमेह नसलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के आणि मधुमेहींपैकी सुमारे ९ टक्के अजून पॉझिटिव्ह असायला हवेत. प्रत्यक्ष वक्रावर हे आकडे वाचा. तिथे २० टक्के दिसत असतील आणि वक्र चौथ्या महिन्यापासून आडवा झाला असेल, तर औषधे लागू न पडलेल्यांचा एक वेगळा गट तुमच्याकडे आहे, आणि "१.४० पट काळ" हे वाक्य त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही. मग दोन प्रश्न वेगळे करावे लागतात: निगेटिव्ह होतात किती, आणि होणाऱ्यांना वेळ किती लागतो. त्यासाठी क्युअर मॉडेल आहेत.

निगेटिव्ह होण्याआधी दगावलेल्यांचे काय केले, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांना सेन्सॉर केले असेल, तर ते जगले असते आणि इतरांसारखेच यथावकाश निगेटिव्ह झाले असते असे मॉडेलने धरले आहे. मृत्यू दोन-चार असतील तर संख्या सांगून पुढे जा. मधुमेहींत ते ठळकपणे अधिक असतील तर मृत्यू ही स्पर्धक घटना धरून प्रत्येक गटात किती टक्के निगेटिव्ह झाले आणि किती दगावले, याचे वक्र टाइम रेशोच्या शेजारी द्या.

प्रबंधात निकालाचे वाक्य सध्याच्या आकड्यांनी असे होईल, मध्यंतर-सेन्सॉरिंगनंतर आकडे बदला, रचना हीच ठेवा: "लॉग-लॉजिस्टिक एएफटी मॉडेलनुसार मधुमेही रुग्णांना कल्चर निगेटिव्ह होण्यास लागणारा काळ मधुमेह नसलेल्यांच्या काळाच्या १.४० पट होता (९५ टक्के विश्वास-मर्यादा १.११ ते १.७७), अंदाजित मध्यक अनुक्रमे ५६ आणि ४० दिवस." कॉक्सचा हॅझर्ड रेशो परीक्षक विचारतीलच, तो परिशिष्टात ठेवा, आणि तो काळानुसार १ कडे सरकतो हे दाखवणारा आलेख त्याच्याच खाली लावा.